खुलभर दुधाची कहाणी साठ सेकंदांत : १ मिनिट ४७ वरून खाली कशी आणू?

सत्तरीची_बाई

मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. श्रावणातल्या कार्यक्रमासाठी प्रत्येक वर्गानं गावातल्या वयस्क माणसाकडून एक गोष्ट ऐकायची आणि ती एका मिनिटाच्या क्लिपमध्ये सांगायची, असं ठरलंय. आवाज एकच हवा, शेवटी बोध हवा, आणि ६० सेकंदांच्या वर एक सेकंदही चालणार नाही. चित्रं चौथीची मुलं काढणार आहेत.

आमच्या वाड्यावरच्या आजीनं खुलभर दुधाची कहाणी सांगितली. सगळ्यांना माहीत असलेलीच, सोमवारची. तिच्या सांगण्यात म्हातारी दूध करवंटीतून आणते, एवढाच फरक. मी ती लिहून काढली, २१४ शब्द झाले. मोबाईलवर वाचून बघितली तर १ मिनिट ४७ सेकंद. भरभर वाचली तर १ मिनिट २५, पण मग आगगाडी सुटल्यासारखं वाटतं. बोधाचं वाक्य असं आहे : "मुलांनो, यावरून आपण काय शिकलो? मुक्या जनावरांना आणि लहान मुलांना उपाशी ठेवून केलेली भक्ती देवाला आवडत नाही, खऱ्या भावानं दिलेलं थोडंसुद्धा देवाला पोचतं."

काय काढू आणि काय ठेवू?

---

पेडणेकर_पोरगा

बाई, शब्द काढूच नका. आवाजाचा वेग वाढवा. स्वर चिरका होत नाही, आता सगळ्या अ‍ॅपमध्ये सोय असते. काँप्युटरवर करायचं तर :

```
ffmpeg -i katha.wav -af atempo=1.25 katha60.wav
```

१ मिनिट २५ चं वाचन १.२५ नं वाढवलं की ६८ सेकंद. अजून थोडं वाढवा, बसलं.

---

रात्रपाळी

पेडणेकर, कमांड बरोबर आहे, औषध चुकीचं आहे. १.०५ पर्यंत कोणाला कळत नाही. १.२५ ला स्वर चिरका होत नाही हे खरं, पण दोन वाक्यांमधला श्वाससुद्धा तेवढाच आखडतो. गोष्ट शब्दांपेक्षा त्या श्वासांत सांगितली जाते. मुळात भरभर वाचलेलं वरून आणखी पळवलंत तर बातमीपत्राच्या शेवटचं हवामान होईल.

माझी बरीच वर्षं निवेदनं मुद्रित करण्यात गेली, म्हणून हिशेब सांगतो. मराठी गोष्ट मुलांसाठी सांगताना मिनिटाला ११० ते १२० शब्दांच्या वर जाऊ नये. आपले शब्द लांब असतात. 'उंबऱ्यापर्यंत' हा एकच शब्द तोंडात पूर्ण व्हायला पाऊण सेकंद घेतो. बाई, तुमचं पहिलं वाचन बरोबर १२० च्या चालीचं आहे, म्हणजे तुमचा वेग उत्तम आहे. त्याला हात लावू नका. ६० सेकंदांतले ८ ते १० सेकंद शांततेसाठी बाजूला काढा. उरले ५०. त्यात ९० शब्द मावतात. म्हणजे २१४ पैकी निम्म्याहून जास्त जाणार. हे आधी मनाशी ठरवलं की कापायला सोपं जातं. एकेक विशेषण काढत बसलात तर १७० वर अडकाल.

---

म्हापसेंकार

साठ सेकंदच का? यूट्यूब शॉर्ट्स आता तीन मिनिटांपर्यंत चालतात, ऑक्टोबर २०२४ पासून.

आणि गोव्याचीच गोष्ट हवी तर पर्र्याच्या कलिंगडांची घ्या ना. मनोहर पर्रीकर भाषणात सांगायचे ती. हंगाम संपताना शेतकरी मुलांना बोलावून हवं तेवढं कलिंगड खायला द्यायचा, बिया मात्र चावायच्या नाहीत, भांड्यात टाकायच्या. तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. पुढच्या पिढीनं मोठी कलिंगडं बाजाराला पाठवली आणि छोटी कलिंगडं मुलांना दिली, आणि वर्षागणिक फळ लहान होत गेलं. बोध आयताच आहे.

---

सत्तरीची_बाई

दादा, तीन मिनिटांचं मला माहीत आहे, पण नियम कार्यक्रमाचा आहे, यूट्यूबचा नाही. आणि कलिंगडाची गोष्ट सुंदर आहे, पण ती एका माणसाची आठवण. आमच्या आजीनं ती सांगितलेली नाही. गावच्या तोंडातून आलेली गोष्ट हवी.

---

मांडवीकाठ

कापायच्या आधी कहाणीत काय आहे ते नीट बघू या, नाहीतर नेमकं तेच कापलं जाईल.

राजाला वाटतं महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटवतात : सोमवारी सगळ्यांनी घरचं सगळं दूध देवळात आणायचं. लोक धाकानं वासरांना पाजत नाहीत, पोरांना देत नाहीत. सगळ्या गावाचं दूध पडलं तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरचं आटोपते, लेकरांना देते, गाईवासरांना चारापाणी करते, आणि मग गंध, फूल, चार तांदळाचे दाणे, दोन बेलाची पानं आणि खुलभर दूध घेऊन येते. ते ओतते, आणि गाभारा भरतो. ती मागच्या मागे निघून जाते. दुसऱ्या सोमवारी राजा पहारा बसवतो, पत्ता लागत नाही. तिसऱ्या सोमवारी स्वतः बसतो आणि तिला धरतो. ती अभय मागते आणि मग सांगते की तुझ्या आज्ञेनं वासरांचे, मुलांचे आत्मे तळमळले, ते देवाला आवडत नाही, म्हणून गाभारा भरत नाही.

म्हणजे कहाणीत बोध म्हातारीच्या तोंडी आहे. 'मुलांनो, यावरून आपण काय शिकलो' हे कहाणीतलं नव्हे, पाठ्यपुस्तकातलं. शिवाय तुमच्या वाक्यात दोन बोध आहेत. 'थोडं पण भावानं दिलेलं पोचतं' हा एक, आणि 'घरच्यांना उपाशी ठेवून देवाला देऊ नये' हा दुसरा. पहिला शंभर गोष्टींत सापडतो. दुसरा या कहाणीचा स्वतःचा आहे, आणि तो राजाला सुनावलेला आहे, भक्ताला नाही. हुकमानं घेतलेलं दान कितीही असलं तरी भरत नाही, हे एक म्हातारी राजाच्या तोंडावर सांगते. माझ्या मते एवढंच ठेवावं.

बाकी करवंटी केली ते बरं झालं. खुलं म्हणजे केवढं भांडं हे आता मोठ्यांनाही सांगता येत नाही.

---

कुंकळ्ळीकार

माझा अनुभव सांगतो, जपून राहा. मी दोन वर्षांमागे आमच्या वाड्यावरच्या राखणदाराची गोष्ट क्लिपमध्ये केली होती. रात्री काठी आपटत, पेटती चूड घेऊन गावाची फेरी मारतो, चुकलेल्या माणसाला घरी पोचवतो ती. शेवटी 'वाट चुकलेल्याला वाट दाखवतो तो देव' असा बोध टाकला. दुसऱ्या दिवशी गावातले चार जण घरी. म्हणाले, राखणदाराला देव कोणी म्हटलं? त्याचा मान वेगळा, देवाचा वेगळा. वर संगीत भुताच्या सिनेमासारखं लावलं होतं मी. क्लिप काढून टाकली आणि नारळ ठेवून आलो.

देवाधर्माची गोष्ट म्हणजे कोणीतरी दुखावणारच. त्यापेक्षा कावळा-चिमणी करा.

---

मांडवीकाठ

तुमचा घोटाळा बोधामुळे झाला, गोष्टीमुळे नाही. गाव जे म्हणत नाही ते तुम्ही शेवटच्या वाक्यात गावाच्या तोंडी घातलंत. कहाणीतलं घेतलं तर कोण भांडेल?

---

रात्रपाळी

मांडवीकाठांनी अर्धं काम केलं. आता कात्री.

तीन सोमवार सरळ काढा. तोंडी गोष्टीत तीनदा घडणं हे ऐकणाऱ्याला ताल देतं, ताटकळवतं. एका मिनिटात ताटकळवायला जागा नाही. एकच सोमवार, आणि राजा त्याच दिवशी येतो. गंध, फूल, बेल सगळं जाऊ दे, चित्रात दिसेल. हातात फक्त करवंटी.

सुरुवात 'आटपाट नगर होतं' नं करू नका असं बरेच जण सांगतील. मला ती आवडते, दीड सेकंदात आख्खं जग उभं राहतं. पण क्लिप चाळणारा अंगठा दीड सेकंदच थांबतो. म्हणून पहिलं वाक्य अडचणीचं ठेवा : सगळं दूध ओतलं, तरी गाभारा भरेना. कान टवकारतो, मग मागे जाऊन कारण सांगा.

आणि आता मुख्य गोष्ट. बोध लक्षात राहतो की नाही ते शेवटच्या वाक्यावर ठरत नाही, पंधराव्या सेकंदावर ठरतं. वासरू उपाशी आहे हे सुरुवातीला ऐकणाऱ्यानं डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं असेल, तरच म्हातारीचं उत्तर त्याला लागतं. नाहीतर 'मी वासराला पाजलं' ही त्याच्यासाठी नवी माहिती असते, आणि ५५ व्या सेकंदाला नवी माहिती दिली की तो उपदेश वाटतो. बाई, तुमच्या मसुद्यात वासरं कुठे येतात?

---

सत्तरीची_बाई

मसुद्यात वासरं पहिल्यांदा येतात ती म्हातारीच्या उत्तरात. आत्ता बघितलं. अगदी शेवटीच.

---

रात्रपाळी

तेच. ती पहिल्या पंधरा सेकंदांत आणा, आणि नुसता शब्द नको, आवाज घ्या. गोठ्यातलं खरं वासरू हंबरताना मुद्रित करा, दोन सेकंद. संगीत अजिबात नको. आख्ख्या क्लिपमध्ये निवेदकाशिवाय एकच आवाज.

---

सत्तरीची_बाई

दुसरा मसुदा. शेजारच्या गोठ्यात जाऊन वासरूही पकडलं (आवाज!). शब्द मोजले, ८९.

> गावातलं सगळं दूध देवळात ओतलं, तरी महादेवाचा गाभारा भरेना.
>
> राजाची दवंडीच तशी होती. सोमवारी घरात थेंब ठेवायचा नाही. लोकांनी घागरी आणल्या, कळशा आणल्या. गोठ्यात वासरं हंबरत राहिली, पाळण्यात पोरं रडत राहिली.
>
> (वासरू, २ सेकंद)
>
> दुपार कलली. एक म्हातारी आली, हातात करवंटीभर दूध.
>
> पहारेकरी हसला. 'आजी, घागरींनी भरलं नाही, तुझ्या करवंटीनं काय भरणार?'
>
> म्हातारी काही बोलली नाही. हात जोडले, दूध ओतलं.
>
> दूध उंबऱ्यापर्यंत आलं. गाभारा भरला!
>
> राजा धावत आला. 'आजी, ही कसली जादू?'
>
> म्हातारी म्हणाली, 'जादू नाही, राजा. आधी नातवंडांना दिलं, मग वासराला पाजलं. उरलं ते देवाला आणलं. माझं वासरू आज हंबरलं नाही.'

आधी पहारेकऱ्याच्या जागी पुजारी हसत होता. कुंकळ्ळीकारांचं वाचून बदलला. तसंही कहाणीत पुजारी हसत नाही, आणि पहारा तर राजानं बसवलेलाच आहे.

---

मांडवीकाठ

पहारेकरी ठीक. त्या एका शब्दात दुसऱ्या सोमवारची आठवण राहिली. फक्त एक शंका. आपल्याकडे देवळात गाभारा म्हणत नाहीत, गर्भकूड म्हणतात. सत्तरीच्या चौथीच्या मुलाला गाभारा कळेल का?

---

सत्तरीची_बाई

कळतो, पाठ्यपुस्तकात येतो. आणि 'गाभारा भरला' यातला 'भ' दोनदा येतो तो मला सोडवत नाही. 'गर्भकूड भरली' म्हटलं की पाण्याची टाकी भरल्यासारखं वाटतं.

---

रात्रपाळी

तो 'भ' कानाला गोड आहे, मोबाईलला नाही. भ, फ, प म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि मायक्रोफोनवर धप्प आवाज येतो. मोबाईल तोंडासमोर धरू नका. एक वीतभर लांब आणि ओठांच्या रेषेपासून थोडा बाजूला, गालासमोर ठेवा. झोत पुढून निघून जातो. तोंडासमोर हाताचा तळवा धरून 'गाभारा भरला' म्हणा, हवा कुठे लागते ते लगेच कळेल.

मसुदा चांगला आहे. शेवटचं वाक्य तर फारच. मराठीत क्रियापद शेवटी येतं याचा फायदा घ्या. 'माझं वासरू आज हंबरलं' इथपर्यंत ऐकणाऱ्याला वाटतं की वासरू रडलं. 'नाही' आलं की सगळं उलटतं. म्हणून 'नाही' वर आवाज चढवू नका, उतरवा. आपण सगळे शाळेतल्या भाषणाच्या सवयीनं शेवटचा शब्द उचलून धरतो, टाळीसाठी. इथे टाळी नको. आणि त्या 'नाही' नंतर तीन सेकंद काहीही नको. नाव नको, आभार नको, शाळेचं बोधचिन्ह नको. ते आधीच कोपऱ्यात लावा.

राजाच्या प्रश्नानंतरही दोन सेकंद थांबा. म्हातारी लगेच उत्तर देत नाही, राजासमोर आहे ती.

---

जायफळ

माझ्या घरी एक सहा वर्षांची आणि एक नऊ वर्षांचा आहे. बाईंचा मसुदा मी दोघांना वाचून दाखवला, वासराचा आवाज तोंडानं काढून (हसले दोघेही). मग विचारलं, दूध का भरलं? धाकटी म्हणाली, 'करवंटी जादूची होती.' मोठा म्हणाला, 'आजीनं शेवटी टाकलं ना, तोवर जवळजवळ भरलेलंच असेल.'

म्हणजे दोघांपैकी एकालाही वासराचं कळलं नाही. शेवटचं वाक्य सुंदर आहे पण ते मोठ्यांसाठी आहे असं मला वाटतं.

---

कुंकळ्ळीकार

मोठा इंजिनियर होणार.

---

रात्रपाळी

जायफळताई, हे सगळ्यात कामाचं. दोन प्रश्न विचारतो. वासराच्या जागी तुम्ही थांबलात का? आणि हसल्यावर पुढचं वाक्य मुलांच्या कानात गेलं का?

मोठ्याचं उत्तर मात्र मसुद्यातलं खरं भोक दाखवतं. 'तरी भरेना' यात किती रिकामा होता ते कुठेच नाही. ऐकणारा अर्धाअधिक भरलेला धरून चालतो. चित्रात दाखवा : घागरींची रांग संपली आणि दूध जेमतेम पिंडीच्या पायाला लागलंय. मुलं चित्र काढणारच आहेत. शब्द खर्च होणार नाही.

---

जायफळ

नाही हो, थांबले नव्हते. हसण्यातच पुढे गेले.

काल पुन्हा केलं. या वेळी शेजारणीच्या दोन मुलांवर, कारण माझ्यांना उत्तर माहीत झालं होतं. बाईंनी पाठवलेला वासराचा खरा आवाज लावला आणि दोन सेकंद गप्प बसले. या वेळी प्रश्नसुद्धा बदलला. 'बोध काय' किंवा 'का भरलं' असं न विचारता 'गोष्ट कोणाची होती?' विचारलं. एकजण म्हणाला, राजाची. दुसरी म्हणाली, 'भुकेल्या वासराची.' पन्नास टक्के!

---

म्हापसेंकार

मग शेवटी स्पष्ट सांगून टाका ना. म्हातारीनं कोंकणीत म्हणावं, "म्हज्या घरांत आयज कोणूच उपाशी ना." आमच्या गावात म्हातारी राजाशी पुस्तकी मराठीत बोलेल होय? निवेदन मराठी, म्हातारी कोंकणी. मुलांना पटकन कळेल, घरी तेच बोलतात.

---

मांडवीकाठ

भाषेच्या वादात शिरायचं नाही असं ठरवलं होतं. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण तोच खेळ खेळतोय. पण हे सुचवणं मला आवडलं. माझ्या आजीच्या कहाण्या अशाच असत. वाचायची मराठी, मधे थांबून आम्हाला दटावायची ती कोंकणीत.

---

सत्तरीची_बाई

म्हापसेंकारांचं वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं आणि घसा दाटला. पण 'उपाशी' म्हटलं की वासरू निसटतं, आणि वासराचा आवाज मी एवढ्या कष्टानं आणलाय. दोन्ही घातली तर दोन शेवट होतात. ठरत नाहीये.

दरम्यान मुद्रणाची रडकथा ऐका. श्रावण, त्यात आमचं घर कौलारू. पाऊस पडला की खोलीत कढईत पापड तळल्यासारखा आवाज. पाऊस थांबला की बेडूक. म्हणून पहाटे पाच-साडेपाचला उठून कपाट उघडलं, साड्यांच्या मधे तोंड घालून उभी राहिले. खोलीचा घुमारा पूर्ण गेला, ही युक्ती खरंच चालते. सहावं वाचन इतकं छान चाललं होतं. 'जादू नाही, राजा' पर्यंत आले आणि बाहेर पोदेराचा भोंपू. पों पों. म्हातारीच्या उत्तरात पाव.

---

रात्रपाळी

ते वाचन पुसू नका! पहिली चाळीस सेकंदं चांगली असतील तर फक्त म्हातारीचं उत्तर पुन्हा म्हणा आणि जोडा. मात्र त्याच कपाटात, तेवढ्याच अंतरावरून, आणि आधी राजाचा प्रश्नही पुन्हा म्हणा म्हणजे चाल तीच लागेल, मग तो कापून टाका. आणि त्याच जागी दहा सेकंद काही न बोलता मुद्रण करून ठेवा. जोडाच्या फटीत, आणि शेवटच्या तीन सेकंदांत, ती 'रिकामी' शांतता घालायची. तिथे आवाज पूर्ण शून्य केलात तर ऐकणाऱ्याला मोबाईल बंद पडल्यासारखं वाटतं.

---

पेडणेकर_पोरगा

मी दोन्ही आवाज हेडफोनवर ऐकले, मस्त. पण मोबाईलच्या स्पीकरवर लावलं तर वासरू गायबच झालं! शब्द ऐकू येतात, हंबरणं नाही. फाईल खराब आहे का?

---

रात्रपाळी

फाईल बरी आहे. पेडणेकर, या वेळी तुम्ही नेमकं पकडलंत. मोबाईलचा इवलासा स्पीकर खर्जातला आवाज काढूच शकत नाही. बाईंनी जे मुद्रित केलं ते बहुतेक मोठं वासरू आहे, किंवा मागून गाय बोलतेय. लहान वासराचं हंबरणं वरच्या पट्टीत असतं, शेवटी थोडं फाटतं, ते मोबाईलवर नीट ऐकू येतं. शाळेच्या कार्यक्रमात मोठे स्पीकर असतील, पण नंतर ही क्लिप आयाबाया मोबाईलवरच ऐकणार. तिथे वासरू नाही ऐकू आलं तर शेवटचं वाक्य हवेत.

---

सत्तरीची_बाई

गायच होती! शेजारच्या काकांना विचारलं. वासरू दहा दिवसांचं आहे, ते धारेच्या वेळी दोराला ओढ देतं तेव्हाच ओरडतं. काल संध्याकाळी धार काढायला काका जरा उशिरा बसले, मी मोबाईल घेऊन मेढीपाशी. तीनदा ओरडलं. तिसरं फाटकं निघालं, तेच घेतलं. नंतर लगेच पाजलं हो त्याला, काकांनी बजावलंच होतं.

पुन्हा मोजलं. निवेदन ४९ सेकंद, वासरू २, राजाच्या प्रश्नानंतर २, शेवटी ३, आणि मधे एक सुस्कारा राहिलाय तो धरून ५७.

शेवट तूर्त वासराचाच ठेवलाय. वर्गात लावून दाखवली. २३ मुलांना 'गोष्ट कोणाची होती' हे चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. ११ जणांनी म्हातारीची लिहिलं, ७ जणांनी वासराची, ४ जणांनी राजाची, आणि एकानं 'काकाच्या गायची'. त्यानं आवाज ओळखला. पण मधल्या सुट्टीत दोन मुली डबा उघडताना एकमेकींना म्हणत होत्या, 'माझं वासरू आज हंबरलं नाही.' चपाती वाटून घेत होत्या. म्हापसेंकार, यानंतर मला ते वाक्य बदलवेना.

---

म्हापसेंकार

चपातीपुढे हरलो. पण पुढच्या वर्षी कोंकणी म्हातारी करायचीच.

---

कुंकळ्ळीकार

चित्रीकरण तांबडी सुर्लाला करा ना, महादेवाचंच देऊळ. काळ्या पाषाणाचं, मागे रान. क्लिपला वजन येईल.

---

मांडवीकाठ

कुंकळ्ळीकार, वर लिहिलंय की चित्रं मुलं काढणार आहेत. आणि ते देऊळ पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉड मांडायचा तर परवानगी काढावी लागेल. गाभाऱ्यात दूध ओतायचं तर विसराच.

---

सत्तरीची_बाई

शेवटचा प्रश्न, आणि हा मला रात्रभर सतावतोय.

काल क्लिप घेऊन आजीकडे गेले. तिनं आधी हातपाय धुतले, डब्यातून तांदळाचे चार दाणे काढून मुठीत घेतले, मग म्हणाली लाव. सोमवार होता, तिच्या लेखी ती कहाणीच. पूर्ण ऐकली. वासरू आलं तेव्हा गोठ्याकडे बघितलं. 'हंबरलं नाही' झालं, तीन सेकंद झाले, क्लिप संपली. आजी तशीच बसलेली, मूठ मिटून. मी विचारलं, आवडली का? म्हणाली, 'संपूंदी गो आदीं.'

साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. ते म्हटल्याशिवाय मूठ कशी उघडणार तिची? मी तोंडानं म्हटलं, तेव्हा तिनं दाणे देवापुढे टाकले.

ते वाक्य सावकाश म्हटलं तर ४ सेकंद होतात. ५७ आणि ४, ६१.

---

रात्रपाळी

शेवटच्या शांततेनंतर काही नको म्हणालो होतो मी. आजीची मूठ मला माहीत नव्हती. तरी कान म्हणतोय, 'नाही' वर थांबा. पाहिजे तर हे वाक्य सुरुवातीलाच घ्या, क्लिपचं नाव म्हणून. साठा उत्तरांची कहाणी, साठ सेकंदांत. अंगठाही थांबेल.

---

मांडवीकाठ

सुरुवातीला घेतलं तर मूठ उघडेल, पण गोष्ट सुरू व्हायच्या आधी. शेवटीच हवं. एक सेकंद कुठूनही काढा. 'म्हातारी काही बोलली नाही' काढलं तर दोन सेकंद सुटतात, ५९ होतील.

---

जायफळ

ते नका काढू! पहारेकरी हसतो आणि ती काहीच बोलत नाही, तिथेच तर माझी धाकटी माझ्या मांडीवर येऊन बसली होती. त्यापेक्षा 'कळशा आणल्या' काढा, घागरी पुरेत.

---

सत्तरीची_बाई

'लोकांनी घागरी आणल्या' एवढंच म्हणून बघितलं. सेकंदभर वाचतो, पण पुढचं 'हंबरत राहिली, रडत राहिली' लंगडं पडतं, जोडीला जोड उरत नाही. उद्या पहाटे दोन्ही प्रकारे वाचते. पोदेर यायच्या आत.